कड्यात सापडलेली वाट

बाल्थाझार व्हान डेर पोल हा डच भौतिकशास्त्रज्ञ १९२२ मध्ये आइंडहोव्हनच्या फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत रुजू झाला. रेडिओ तेव्हा नवा होता आणि त्याच्या पोटात काचेचे व्हॉल्व्ह असत. व्हॉल्व्ह, कॉइल आणि कपॅसिटर यांची ठरावीक जुळणी केली की सर्किटमधला विद्युतप्रवाह आपोआप मागेपुढे होऊ लागे. बाहेरून कोणी हेलकावे द्यावे लागत नसत, फक्त बॅटरी जोडलेली असे. या सर्किटची एक खोड लक्षात येण्यासारखी होती. सुरुवातीची हालचाल अगदी क्षीण असली तर हेलकावे वाढत वाढत एका ठरावीक उंचीपर्यंत जात. सुरुवात जोरदार झाली तर ते कमी होत होत त्याच उंचीवर येऊन थांबत. सुरुवात कशीही करा, शेवट एकच.

साध्या लंबकाचे असे होत नाही. हवेचा आणि टांगणीचा विरोध नाही असे मानले, तर लंबकाला जेवढे ओढून सोडावे तेवढाच तो कायम झुलत राहील. दोन बोटे ओढला तर दोन बोटे, चार ओढला तर चार. त्याला स्वतःची अशी आवडती उंची नसते. मधेच धक्का लागला तर तो नवी उंची धरतो आणि जुनी विसरतो. विरोध जमेस धरला तर तो हळूहळू थांबतो. व्हान डेर पोलचे सर्किट मात्र थांबतही नाही आणि विसरतही नाही. धक्का दिला तर क्षणभर बिघडते आणि पुन्हा जुन्या चालीवर येते.

हृदयाचे ठोके याच जातीचे असावेत, असे व्हान डेर पोलला वाटले. १९२८ मध्ये त्याने सहकारी व्हान डेर मार्क याच्यासह हृदयाचे विद्युत प्रारूप मांडले. त्यात अशीच स्वतःहून हेलकावणारी सर्किटे एकमेकांना जोडलेली होती.

या चालीला गणितात नाव मिळाले होते, पण ते रेडिओच्या कितीतरी आधी. आंरी प्वांकारे या फ्रेंच गणितज्ञाने १८८१ ते १८८६ या काळात डिफरन्शियल इक्वेशनने आखल्या जाणाऱ्या वक्रांवर एक लांबलचक लेखमाला लिहिली. काही समीकरणांत एक बंद वक्र असा असतो की आसपासच्या वाटा गोल गोल फिरत त्याच्याकडे सरकत जातात, हे त्यात त्याने दाखवले. त्या वक्राला त्याने ‘लिमिट सायकल’ म्हटले. व्हॉल्व्हच्या सर्किटमधले हेलकावे म्हणजे प्वांकारेचे हेच वक्र, हे स्पष्ट शब्दांत सांगितले ते अलेक्सांद्र आंद्रोनोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने, १९२९ मध्ये. कागदावरची गोष्ट आणि टेबलावरची गोष्ट एकच आहे, हे कळायला चाळीसहून अधिक वर्षे गेली.

आता ही लिमिट सायकल म्हणजे नेमके काय, ते पाहू. सर्किटची या क्षणाची स्थिती दोन आकड्यांत मांडता येते: एक प्रवाह किती आहे, आणि दुसरा, तो किती वेगाने बदलतो आहे. पहिल्याला x म्हणू, दुसऱ्याला y. आलेखाच्या कागदावर या दोन आकड्यांचा एक बिंदू होतो. वेळ पुढे सरकते तसा बिंदू सरकतो आणि त्याची एक वाट उमटते. समीकरण काय करते, तर कागदावरच्या प्रत्येक ठिकाणी एक बाण काढून ठेवते: इथे असलास तर या दिशेने, इतक्या वेगाने जा. बाणाचा आडवा भाग x′ आणि उभा भाग y′. अक्षरावरची ही छोटी रेघ म्हणजे ‘बदलाचा वेग’, इतकेच लक्षात ठेवले तरी पुरे.

जिथे बाणाची लांबी शून्य होते तो स्थिर बिंदू. तिथे ठेवलेली वस्तू तिथेच राहते. आणि बिंदू फिरून अगदी निघाला तिथेच परत आला, तर वाट बंद होते. पुढे तो तेच चक्कर त्याच वेळात पुन्हा पुन्हा मारत राहणार, कारण त्या ठिकाणचा बाण बदललेला नसतो. लंबकाच्याही वाटा बंदच असतात, पण त्या एकात एक बसलेल्या असंख्य असतात. लिमिट सायकल त्या मानाने एकटी असते. तिच्या अगदी लगत दुसरी बंद वाट नसते. शेजारच्या वाटा एक तर तिच्याकडे ओढल्या जातात, नाही तर तिच्यापासून दूर जातात.

साध्या, म्हणजे रेषीय समीकरणांत लिमिट सायकल कधीच सापडत नाही. तिथे एक वाट चालत असेल तर तिच्या दुप्पट, तिप्पट, दीडपट मोठी वाटही चालते. एक बंद वाट मिळाली की तिच्या लगत शेकड्याने मिळतात आणि एकटेपण संपते. म्हणून x चा वर्ग किंवा घन, किंवा x आणि y यांचा गुणाकार असे काहीतरी समीकरणात असावेच लागते.

खरी अडचण पुढे आहे. अशी समीकरणे सोडवून x आणि y यांची सूत्रे मिळवणे बहुतेक वेळा शक्यच नसते. संगणकावर आकडे घालून चित्र काढता येते आणि त्यात बंद वक्र दिसतोही. पण पडद्यावर बंद दिसणारा वक्र हा अतिशय सावकाश आत गुंडाळला जाणारा सर्पिलही असू शकतो. प्रत्येक फेरीत तो केसभर सरकत असेल तर डोळ्याला काही कळत नाही. तेव्हा समीकरण न सोडवता, सूत्र हाती नसताना, बंद वाट आहेच असे खात्रीने कसे सांगायचे?

इथे प्वांकारेचे आणि त्याच्यामागून स्वीडिश गणितज्ञ इव्हार बेंडिक्सन याचे प्रमेय कामाला येते. बेंडिक्सनने ते १९०१ मध्ये व्यापक रूपात सिद्ध केले. प्रमेयाचे म्हणणे असे: कागदावर एक मर्यादित प्रदेश आखा, त्याच्या सीमेसकट. त्यात एकही स्थिर बिंदू नसावा. त्यात शिरलेली वाट पुन्हा कधीही बाहेर पडू नये. एवढे जमले तर त्या प्रदेशात एक तरी बंद वाट असलीच पाहिजे.

याचे कारण मनाशी पटवून घेण्यासारखे आहे. कागदावर दोन वाटा एकमेकींना छेदू शकत नाहीत, कारण छेदाच्या जागी दोन वेगळे बाण लागतील आणि समीकरण तर एकच बाण देते. आता प्रदेशात अडकलेली वाट अनंत काळ चालते आहे, थांबायला स्थिर बिंदू नाही आणि जागा मर्यादित आहे. म्हणजे कुठल्यातरी जागेजवळ तिला पुन्हा पुन्हा यावेच लागते. त्या जागी बाणांना आडवी अशी एक छोटी रेघ काढा आणि वाट ती रेघ कुठे कुठे ओलांडते ते पाहा. पहिल्यांदा ओलांडल्यावर वाट चक्कर मारून दुसऱ्यांदा आली. त्या चक्कराने आणि रेघेच्या मधल्या तुकड्याने मिळून एक कुंपण तयार झाले. वाट स्वतःला छेदू शकत नाही आणि रेघ फक्त एकाच दिशेने ओलांडता येते, म्हणून पुढच्या सगळ्या फेऱ्या कुंपणाच्या एकाच बाजूला अडकल्या. तिसरा छेद दुसऱ्याच्या पलीकडे पडतो, चौथा तिसऱ्याच्या पलीकडे, मागे कोणी येत नाही. एकाच दिशेने सरकणारे हे छेद मर्यादित रेघेवर असल्याने ते एका बिंदूजवळ गोळा होत जातात. त्या बिंदूतून जाणारी वाट हीच बंद वाट.

हा सगळा युक्तिवाद ‘बंद वक्र कागदाचे आत आणि बाहेर असे दोन भाग करतो’ या गोष्टीवर उभा आहे. तीन मिती आल्या की तो कोसळतो. अवकाशात दोरीचे वेटोळे काही अडवत नाही, वरून किंवा खालून निसटता येते. एडवर्ड लॉरेन्झने १९६३ मध्ये हवामानाच्या अभ्यासातून मांडलेल्या तीन समीकरणांत वाटा मर्यादित जागेत कायमच्या अडकतात, पण बहुतेक वाटा ना कुठे थांबतात ना बंद चक्रात स्थिरावतात. म्हणून हे प्रमेय वापरण्याआधी राशी दोनच आहेत ना, हे पाहणे पहिले काम.

उरला प्रश्न प्रदेश आखण्याचा. प्रमेय सांगते की सापळा लावा, पण सापळ्याचा आकार सांगत नाही. आणि बंद वाट कशाभोवती तरी फिरते. प्रतलावर तिच्या पोटात किमान एक स्थिर बिंदू असावाच लागतो. प्रदेशात तर स्थिर बिंदू नको आहे. मग प्रदेशाचा स्वाभाविक आकार ठरला: मधोमध भोक असलेले कडे. स्थिर बिंदू भोकात राहील आणि वाट कड्यात. कडे दोन वर्तुळांनी आखले जाते आणि वर्तुळांशी बोलायची भाषा म्हणजे ध्रुवीय निर्देशक.

तेलाच्या घाण्याला जुंपलेला बैल कुठे आहे हे सांगायला पूर्वेकडे किती पावले आणि उत्तरेकडे किती पावले असे कोणी मोजत नाही. खांबापासून किती अंतरावर आणि कोणत्या बाजूला, एवढे पुरते. पहिले म्हणजे त्रिज्या r, दुसरे म्हणजे कोन θ. लिमिट सायकलच्या शोधात तर हे दोन आकडे आपल्याला हवे तेच सांगतात. r′ धन असेल तर वाट मध्यापासून दूर चालली आहे, ऋण असेल तर मध्याकडे येते आहे. θ′ शून्य होत नसेल तर ती फिरायची थांबत नाही.

x आणि y मधल्या समीकरणांवरून r′ आणि θ′ काढायला दोन ओळी लागतात. त्रिज्येचा वर्ग म्हणजे x² + y², पायथागोरसचाच. त्याच्या बदलाचा वेग घेतला की पहिली ओळ मिळते, आणि कोनाच्या स्पर्शगुणोत्तराचा, म्हणजे y/x चा वेग घेतला की दुसरी:

r r′ = x x′ + y y′

r² θ′ = x y′ − y x′

आधी सोपे उदाहरण घेऊ, म्हणजे पद्धत हाताला बसेल. समीकरणे अशी:

x′ = x − y − x(x² + y²)

y′ = x + y − y(x² + y²)

वरच्या ओळीत ती घातली की xy असलेली पदे कटून जातात आणि उरते r′ = r(1 − r²), θ′ = 1. दोन गुंतलेल्या राशी सुट्या झाल्या. त्रिज्या १ पेक्षा कमी असेल तर वाढते, जास्त असेल तर घटते, बरोबर १ असेल तर तशीच राहते. कोन एकसारख्या वेगाने वाढतो. म्हणजे एक त्रिज्येचे वर्तुळ हीच लिमिट सायकल आणि एका फेरीला 2π, म्हणजे सुमारे ६.२८ इतका वेळ लागतो. हे समीकरण सुटतेही, त्यामुळे ओढ किती जबर आहे ते आकड्यांत पाहता येते. ०.१ त्रिज्येवरून निघालेली वाट २ इतक्या वेळाने ०.६ च्या आसपास येते, ४ वेळाने ०.९८ वर, आणि पहिली फेरी पुरी होईपर्यंत ०.९९९ च्याही पुढे गेलेली असते. बाहेरून, ३ त्रिज्येवरून निघालेली वाट तर १ इतक्याच वेळात १.०७ पर्यंत आत येते.

पाठ्यपुस्तकांना हे उदाहरण आवडते, पण त्यात एक मोठी सवलत आहे: बंद वाट नेमकी वर्तुळ निघाली. प्रत्यक्षात असे क्वचितच होते. म्हणून आता थोडे वेगळे समीकरण घेऊ. वरच्यापेक्षा ते दिसायला साधे आहे, पण ते असे सुटत नाही:

x′ = x − y − x³

y′ = x + y − y³

पहिल्या ओळीत घातले की पुन्हा xy ची पदे कटतात आणि r r′ = r² − (x⁴ + y⁴) असे उरते. x च्या जागी r cos θ आणि y च्या जागी r sin θ ठेवून r ने भागले की

r′ = r − r³(cos⁴θ + sin⁴θ)

या वेळी त्रिज्येचा वेग कोनावरही अवलंबून आहे. θ बदलला की कंसातला आकडा बदलतो, त्यामुळे r ला एकच समतोल जागा नाही. वर्तुळाकार लिमिट सायकल मिळण्याची आशा संपली. बरेच विद्यार्थी इथे थांबतात, कारण समीकरण सोडवता येत नाही. पण सोडवायचे कुणाला आहे? कंसातला आकडा किती ते ठाऊक नसले तरी तो कोणत्या दोन आकड्यांच्या मध्ये राहतो ते कळले तर पुरे. cos⁴θ + sin⁴θ हे 1 − ½ sin²2θ च्या बरोबरीचे आहे. म्हणजे ते कधी १ पेक्षा जास्त होत नाही आणि कधी अर्ध्यापेक्षा कमी होत नाही. अक्षांवर ते १ असते, कर्णांवर अर्धे.

मग कोन कोणताही असो,

r − r³ ≤ r′ ≤ r − ½r³

डावी बाजू आतले वर्तुळ शोधून देते. r = 0.9 घेतले तर डावीकडे 0.9 − 0.729, म्हणजे ०.१७१. वर्तुळावर कुठेही उभे राहा, r′ निदान एवढे तरी आहेच, म्हणजे धन आहे, म्हणजे तिथला प्रत्येक बाण बाहेर, कड्याच्या दिशेने आहे. उजवी बाजू बाहेरचे वर्तुळ देते. r = 1.5 घेतले तर उजवीकडे 1.5 − 1.6875, म्हणजे −०.१८७५. इथला प्रत्येक बाण आत वळलेला आहे. ०.९ आणि १.५ त्रिज्यांच्या दोन वर्तुळांमधल्या कड्यात जी वाट शिरली ती आता बाहेर पडणार नाही. दोन्ही दारे आतच उघडतात.

इथे १ आणि √2 हेच आकडे का घेतले नाहीत, असा प्रश्न चौकस वाचकाला पडेल, कारण असमानतांतून सरळ तेच निघतात. r = 1 घेतले तर अक्षांवरच्या चार बिंदूंवर r′ नेमके शून्य होते. तिथे बाण आतही नाही, बाहेरही नाही, वर्तुळाला स्पर्श करून जातो. युक्तिवाद तरीही सावरता येतो, पण त्यासाठी जास्तीचे शब्द खर्चावे लागतात. थोडी ढील देऊन ०.९ घेतले की शंकेला जागाच राहत नाही. कड्याची रुंदी कमी असणे ही काही स्पर्धा नाही.

आता दुसरी अट: कड्यात स्थिर बिंदू नको. यासाठी कोनाची ओळ वापरायची. तिच्यात समीकरणे घालून आवरले की

θ′ = 1 + ¼r² sin 4θ

साइनचा आकडा फार तर −१ पर्यंत उतरतो. कड्यातली सर्वांत मोठी त्रिज्या १.५, तिचा वर्ग २.२५. तेव्हा θ′ कमीत कमी 1 − 0.5625, म्हणजे ०.४३७५ तरी आहे. कड्यात सगळीकडे बिंदू घड्याळाच्या उलट दिशेने फिरतोच आहे. फिरणारा बिंदू स्थिर असू शकत नाही. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या. कड्यात बंद वाट आहे आणि ती मध्याभोवती फिरते, हे सिद्ध झाले. तिचे सूत्र काय, तर ते कळले नाही आणि त्याची गरजही पडली नाही.

अशा हिशेबात चूक होण्याची खात्रीची जागा म्हणजे चिन्हे. म्हणून एखादा बिंदू मूळ समीकरणात घालून पडताळा घ्यावा. (1, 1) वर x′ = −1 आणि y′ = 1 येते. हा बाण मध्यापासून त्या बिंदूकडे जाणाऱ्या रेषेला अगदी काटकोनात आहे, म्हणजे r′ शून्य हवे. सूत्रात r = √2 आणि कंसातला आकडा अर्धा घातला तर √2 − √2, शून्यच. जुळले.

दुसरी अट लोक हमखास विसरतात. कडे सापडले, बाण आत वळले, की ‘म्हणून लिमिट सायकल आहे’ असे लिहून मोकळे होतात. ते किती फसवे आहे हे पाहायला r′ = r(1 − r²) तसेच ठेवा आणि θ′ = 1 − cos θ करा. त्रिज्येची वागणूक पहिल्या उदाहरणासारखीच आहे, वाटा एक त्रिज्येच्या वर्तुळाकडेच ओढल्या जातात. पण कोन शून्य झाला की θ′ शून्य. वर्तुळावर (1, 0) हा स्थिर बिंदू बसला आहे. वर्तुळावरून निघालेली वाट त्याच्याजवळ येता येता मंदावते आणि कधीच पोहोचत नाही. कागदावर गोल दिसतो, फेरी मात्र एकही पुरी होत नाही.

बंद वाट आहे, हे कळले. पण किती आहेत? प्वांकारे आणि बेंडिक्सन यांचे प्रमेय ‘एक तरी’ म्हणते, ‘एकच’ म्हणत नाही. आपल्या उदाहरणात मात्र हेही ठरवता येते आणि तो युक्तिवाद फार देखणा आहे. बाणांच्या प्रवाहाबरोबर एखादा रंगाचा ठिपका सोडला तर त्याचे क्षेत्रफळ वाढते की घटते, हे एका आकड्यावरून कळते. x′ चा x बरोबर बदलण्याचा दर अधिक y′ चा y बरोबर बदलण्याचा दर, असा तो आकडा. इथे तो 2 − 3r² येतो. कड्यात r निदान ०.९ आहे, म्हणून हा आकडा −०.४३ किंवा त्याहूनही खाली. कड्यात सगळीकडे क्षेत्रफळ आक्रसतेच आहे.

आता समजा, कड्यात दोन बंद वाटा आहेत. दोन्ही मध्याभोवती फिरतात आणि छेदत नाहीत, म्हणून एक दुसरीच्या आत आहे. दोघींच्या मधल्या पट्ट्यातले काहीही बाहेर जाऊ शकत नाही आणि बाहेरचे आत येऊ शकत नाही, कारण त्यासाठी यांपैकी एक वाट छेदावी लागेल. म्हणजे तो पट्टा वेळेबरोबर तसाच राहतो, त्याचे क्षेत्रफळही तेवढेच राहते. पण क्षेत्रफळ तर आक्रसायलाच हवे. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. तेव्हा बंद वाट एकच.

फेरीला किती वेळ लागतो याचाही अंदाज याच सूत्रांतून निघतो. बंद वाट √2 त्रिज्येच्या बाहेर जाऊ शकत नाही, कारण तिथे r′ ऋण आहे आणि गेलेली वाट परत बाहेर येणार नाही. तेवढ्या जागेत θ′ हे ०.५ आणि १.५ यांच्या मध्ये राहते. म्हणून एक फेरी ४.१ पेक्षा जास्त आणि १२.६ पेक्षा कमी वेळात पुरी होते. अंदाज ढोबळ आहे, पण तो सिद्ध आहे.

मग हीच युक्ती घेऊन व्हान डेर पोलच्या सर्किटकडे परत जावे, असे कोणालाही वाटेल. त्याचे समीकरण x′ = y आणि y′ = −x + μ(1 − x²)y असे लिहितात. μ हा धन आकडा सर्किट किती जोराने स्वतःला ढकलते ते सांगतो. ध्रुवीय निर्देशकांत त्रिज्येचा वेग येतो

r′ = μ r (1 − r² cos²θ) sin²θ

आणि इथे वर्तुळे दगा देतात. कंसातले r cos θ म्हणजे x. x हा −१ आणि १ यांच्या मध्ये असेल तिथे r′ धन, फक्त आडव्या अक्षावर शून्य. आता बाहेरचे वर्तुळ कितीही मोठे घ्या, शंभर त्रिज्येचे घ्या, त्याच्या अगदी वरच्या आणि अगदी खालच्या टोकाजवळ x शून्याच्या आसपास असणारच. तिथे बाण बाहेर जातात. आत वळलेल्या बाणांचे वर्तुळ या समीकरणाला नाहीच. बंद वाट मात्र आहे. अपयश वर्तुळाचे आहे, सायकलचे नाही, आणि हा फरक न कळल्याने ‘कडे मिळत नाही म्हणजे सायकल नाही’ असा उलटा निष्कर्ष काढला जातो. फ्रेंच अभियंता आल्फ्रेद लिएनार याने १९२८ मध्ये वेगळे निर्देशक घेऊन वाटेबरोबर मिळणाऱ्या आणि खर्च होणाऱ्या ऊर्जेचा हिशेब मांडला आणि अशा सर्किटांच्या मोठ्या वर्गासाठी बंद वाट असते आणि ती एकच असते, हे सिद्ध केले.

तरीही ध्रुवीय रूप वाया जात नाही. μ अगदी लहान असेल तर एका फेरीत त्रिज्या फारशी बदलत नाही. मग फेरीभरात तिची सरासरी वाढ किती, एवढेच पाहावे. sin²θ ची सरासरी अर्धी, sin²θ cos²θ ची एक अष्टमांश. ती घातली की r′ ची सरासरी μr(4 − r²)/8 इतकी येते. त्रिज्या २ पेक्षा कमी असेल तर वाढते, जास्त असेल तर घटते. आइंडहोव्हनच्या सर्किटमधले हेलकावे ज्या एका उंचीवर येऊन थांबत, ती ही. मात्र हा अंदाज आहे, सिद्धता नाही, आणि μ मोठा झाला की चाल सर्वस्वी बदलते. प्रवाह बराच वेळ रेंगाळतो, मग झटक्यात उलटतो, पुन्हा रेंगाळतो. व्हान डेर पोलने १९२६ च्या लेखात याच चालीचे वर्णन केले.

एकच बंद वाट असणारी समीकरणे नशिबाची म्हणायला हवीत. सर्वसाधारण समीकरणात किती असू शकतात, हा प्रश्न डेव्हिड हिल्बर्टने १९०० मध्ये पॅरिसच्या परिषदेनिमित्त मांडलेल्या यादीत सोळाव्या क्रमांकात घातला होता. x′ आणि y′ ही x आणि y यांची ठरावीक घाताची बहुपदे असतील तर लिमिट सायकली जास्तीत जास्त किती? एखाद्या विशिष्ट समीकरणात त्यांची संख्या अनंत तरी होत नाही, एवढे आपल्याला माहीत आहे, असे १९२३ पासून मानले जात होते. आंरी ड्युलाकने तसे सिद्ध केले होते. पुढे त्या सिद्धतेत भगदाड सापडले आणि ते बुजवायला १९९० च्या दशकाची सुरुवात उजाडावी लागली. ते काम इल्याशेंको आणि एकाल यांनी स्वतंत्रपणे केले. सर्वांत साध्या प्रकारात, म्हणजे घात फक्त २ असताना, चार लिमिट सायकली असणारी समीकरणे चिनी गणितज्ञांनी १९७९ च्या सुमारास शोधून काढली. पाच असणारे एकही आजवर सापडलेले नाही, आणि पाच असूच शकत नाहीत हेही अजून कोणी सिद्ध केलेले नाही.